पतमाहिती अहवालातील दोन नोंदी

कर्जाचा अर्ज आला की बँक अर्जदाराचा पतमाहिती अहवाल मागविते. २००५ च्या केंद्रीय अधिनियमानुसार भारतात चार पतमाहिती कंपन्या हे अहवाल तयार करतात आणि त्यांवरून ३०० ते ९०० यांमधील पतगुणांक काढतात. उशिरा भरलेला हप्ता आणि क्रेडिट कार्डाच्या मर्यादेचा फार मोठा वापर या दोन्ही गोष्टींनी गुणांक उतरतो. मात्र त्यांची नोंद वेगवेगळ्या ठिकाणी होते आणि तिचे आयुष्यही वेगळे असते.

उदाहरणार्थ, एका शिक्षिकेच्या कार्डाची मर्यादा ५० हजार रुपये आहे. घरातील लग्नापायी बिल ४२ हजारांचे झाले. ते भरण्याची अंतिम तारीख ५ जून २०२५ होती. गडबडीत ते राहून गेले व ८ जुलैला दंड-व्याजासह पुरते भरले गेले. अहवालात प्रत्येक खात्याखाली महिनावार चौकटी असतात. त्यांत ‘DPD’ या शीर्षकाखाली मुदत उलटून किती दिवस झाले, तो आकडा येतो. ३० जूनच्या स्थितीनुसार जूनच्या चौकटीत ‘०२५’ पडले. जुलैअखेर ‘०००’ आले, परंतु त्यामुळे जूनचा आकडा पुसला गेला नाही. छत्तीस महिन्यांच्या त्या तक्त्यात तो पुढेही दिसत राहतो. काळ जातो तसा त्याचा भार हलका होतो, एवढेच.

मर्यादेच्या वापराला अशी चौकट नसते. अहवालात मर्यादा व शिल्लक देणे हे दोनच आकडे असतात. जूनअखेर दंड-व्याज वगळता ५० हजारांपैकी ४२ हजार, म्हणजे ८४ टक्के वापर होता. जुलैअखेर देणे ५ हजारांवर आले आणि वापर १० टक्के झाला. नवा आकडा पोहोचताच गुणांकावरील हा ताण बहुतांशी ओसरतो. वापर ३० टक्क्यांच्या आत असावा असे सांगतात. तो व्यवहारातील ठोकताळा आहे, नियम नव्हे.

येथे एक गैरसमज हमखास आढळतो. बिलावरील किमान रक्कम वेळेवर भरल्यास उशिराची नोंद होत नाही, हे खरे. पण उरलेले देणे तसेच राहते, व्याज चढते आणि वापराचे प्रमाण उंचच दिसते. उलट, दरमहा पूर्ण बिल भरणाऱ्याचाही वापर मोठा दिसू शकतो. कारण माहिती पाठविण्याच्या दिवशी जे देणे असेल तेच कळविले जाते. कर्जाचा अर्ज करावयाचा असल्यास त्यापूर्वीच्या महिन्यात बिलाची वाट न पाहता रक्कम भरलेली बरी. गुणांक नेमका किती उतरेल हे मात्र सांगता येत नाही. गणिताचे सूत्र कंपन्या उघड करीत नाहीत.

रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार कार्डाच्या बाबतीत तीन दिवसांहून अधिक उशीर झाला तरच थकबाकी कळवावयाची असते. म्हणून पावतीवरील तारीख व महिन्याची चौकट ताडून पाहावी. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. नोंद चुकीची असल्यास तक्रार करता येते. तीस दिवसांत निराकरण न झाल्यास तक्रारदारास दररोज १०० रुपये भरपाई देय होते. खरी नोंद मात्र तक्रारीने निघत नाही.