आधी तास, मग कामं

पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर टीममध्ये दर दोन आठवड्यांच्या स्प्रिंटचं काम वाटून देण्याची जबाबदारी काही वर्षं माझ्याकडे आहे. प्रत्येक टीममध्ये कधीच ‘नाही’ न म्हणणारं एक माणूस असतं आणि नवं काम आपोआप त्याच्याच दारात जाऊन पडतं. अशी माणसं थकून सोडून जाऊ नयेत, म्हणून जे करत आलो ते इथे लिहितो.

१. कामांची यादी उघडण्याआधी प्रत्येकाचे तास मांडा.

आमच्या पाच जणांच्या टीमचं उदाहरण घ्या. कागदावर दहा दिवस, रोज आठ तास, म्हणजे ४०० तास. त्यातली सणाची एक सुट्टी गेली की प्रत्येकी नऊ दिवस उरतात. मीटिंगा, मेल आणि रिव्ह्यू वजा जाता ठरलेल्या कामाला रोज पाचेक तास मिळतात. त्या हिशोबाने एकाचे ४५ तास झाले. दुसरा दोन दिवस रजेवर, त्याचे ३५. तिसऱ्याकडे या वेळी प्रॉडक्शन सपोर्टची पाळी. त्याला रोज दोनच तास मोकळे, म्हणून १८. नवा मुलगा अजून शिकतोय, त्याचे २७. आणि सगळ्यांच्या मदतीला धावणारी आमची सीनियर डेव्हलपर, तिचेही २७च. बेरीज १५२. चारशे धरून काम घेतलं असतं तर वरचा सगळा भार कोणी उचलला असता, हे सांगायला नको.

२. बोर्डावर न दिसणारं काम लिहून काढा.

सगळ्यात अनुभवी माणसाचे रोज तीनच तास कसे, असं वरिष्ठांनी विचारलं होतं. उत्तर आमच्याकडे लिहिलेलं होतं. दोन आठवडे प्रत्येकाने तोंडी आलेलं, पाव तासाहून मोठं प्रत्येक काम एका शीटमध्ये नोंदवलं. तिच्या रकान्यात ओळींवर ओळी होत्या: “अगं, जरा हे बघतेस का?”, क्लायंटच्या कॉलला शेजारी बसणं, जुन्या मॉड्यूलमधला बग फक्त तिलाच ठाऊक असणं. यातल्या कशाचंही टिकेट नव्हतं, त्यामुळे बोर्डावर ती मोकळी दिसायची आणि तिला आणखी काम मिळायचं. ही नोंद दर काही महिन्यांनी पुन्हा करावी लागते, कारण मदतीचा ओघ नव्या माणसाकडे सरकतो.

शीट नसेल तरी खुणा दिसतात. एकाच व्यक्तीच्या रिव्ह्यूसाठी चौघांची कामं अडून राहतात, तिचा कोड रात्री उशिरा चढतो, तिची रजा दोनदा पुढे ढकलली जाते. यातल्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की मी थांबून तिचे तास पुन्हा मोजतो.

३. “हे कोण घेतं?” असं मीटिंगमध्ये विचारू नका.

या प्रश्नानंतरची शांतता जिला सहन होत नाही, तीच हात वर करते. त्याऐवजी मी शिल्लक तासांचा तक्ता सगळ्यांसमोर ठेवतो. एकदा इन्व्हॉइसच्या मॉड्यूलमध्ये करआकारणीचा बदल आला. आमच्या सीनियर डेव्हलपरला तो सहा तासांत जमला असता. पण तिचे तास भरले होते आणि ४५ तासवाल्याकडे जागा होती. काम त्याला दिलं, तिचे दोन तास फक्त समजावून सांगायला राखले. त्याला चौदा तास लागले. म्हणजे दहा तास जास्तीचे गेले, आणि ते मी एस्टिमेटमध्ये उघडपणे धरले होते. पुढचा तसाच बदल त्याने एकट्याने केला. प्रॉडक्शन बंद पडलेलं असताना मात्र हा मार्ग उपयोगाचा नाही. तेव्हा ज्याला येतं त्यालाच बोलवावं आणि त्याच्याकडचं दुसरं काम त्याच दिवशी काढून घ्यावं.

४. तास काठोकाठ भरू नका.

१५२ पैकी आम्ही साधारण १२० तासांचंच काम घेतो. रांगेच्या साध्या गणितात माणूस ८० टक्के व्यस्त असेल तर नव्या कामाला सरासरी कामाच्या चौपट वेळ थांबावं लागतं, ९० टक्क्यांना नऊपट. खऱ्या टीममध्ये आकडे असे नेमके येत नाहीत, पण कल तोच असतो.

५. मधेच आलेल्या कामाच्या बदल्यात काहीतरी बाहेर काढा.

“सर, हे आत घेतो, पण त्याच्याएवढं कोणतं पुढे ढकलू?” हा प्रश्न मी स्वतः विचारतो, ज्याच्यावर काम येणार त्याला विचारायला लावत नाही. ‘नाही’ न म्हणणाऱ्या माणसाला तो विचारता येत नाही, म्हणून तर तो दबतो.

आणि हे तास वार्षिक मूल्यमापनात वापरायचे नाहीत, हे मी वरिष्ठांकडून आधीच कबूल करून घेतलं आहे. तसा वापर सुरू झाला की कोणी आपले तास फुगवून सांगेल आणि आमची डेव्हलपर, कमी पडू नये म्हणून, स्वतःच्या २७चे ४५ करून देईल.