उपोसथाच्या रात्री चक्कर आली तर : मधुमेही आणि वृद्ध उपासकांनी उपवास कधी सोडावा?



वर्षावासाचे तीन महिने, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, आपल्या विहारांत उपोसथ पाळणाऱ्यांची संख्या वाढते. अष्टशील घेतले की दुपारी बारानंतर जेवायचे नाही. पुढचे अन्न दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणजे साडेअकराला जेवलेल्या माणसाच्या पोटात सकाळी साडेसहापर्यंत १९ तास अन्न जात नाही. निरोगी माणसाला हे झेपते. पण अष्टशील घेणाऱ्यांत साठी ओलांडलेले उपासक-उपासिका पुष्कळ असतात आणि त्यांच्यापैकी अनेकांना साखरेची गोळी चालू असते. त्यांच्यासाठी हा लेख आहे.

या उपवासात खरा धोका भुकेचा नसतो, संध्याकाळच्या गोळीचा असतो. मधुमेहाच्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर सहसा फार खाली जात नाही. पण ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लेमाइड या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. तुम्ही जेवलात की नाही हे गोळीला कळत नाही. ती आपले काम करत राहते आणि रक्तातली साखर उतरत जाते. वयोमानाने मूत्रपिंड मंद झालेले असेल तर औषध शरीरात जास्त वेळ रेंगाळते. पुष्कळ जणांची एकच गोळी दोन-तीन औषधांची मिळून बनलेली असते. म्हणून गोळ्यांच्या पाकिटाची मागची बाजू घरातल्या शिकलेल्या मुला-नातवाकडून वाचून घ्या. त्यात वरीलपैकी एखादे नाव असेल, किंवा तुम्ही इन्सुलिन घेत असाल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय विकाल भोजन सोडू नका.

एक उदाहरण घेऊ. ६८ वर्षांच्या एक उपासिका आहेत. त्या ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची एकत्र गोळी सकाळ-संध्याकाळ घेतात. पौर्णिमेला त्या साडेअकराला जेवल्या, दिवसभर विहारात बसल्या आणि रात्री आठला सवयीने गोळी घेतली. साडेदहाच्या सुमारास त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले. सून बोलायला गेली तर त्या चिडल्या, भलतेच बोलू लागल्या. घरच्यांना वाटले, दिवसभर बसून थकल्या आहेत, झोपू द्यावे. हीच ती धोक्याची घडी. असा माणूस झोपला तर झोपेतच बेशुद्ध होऊ शकतो. मुलाने ग्लुकोमीटरवर बोट टोचून पाहिले तर साखर ५२ होती.

७० च्या खाली साखर आली की उपवास त्याच क्षणी सोडायचा, मग सकाळ व्हायला एकच तास उरलेला असला तरी. चहाच्या चमच्याने ३ चमचे साखर अर्धा कप पाण्यात विरघळवून पाजायची आणि घड्याळ लावून १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे. या उपासिकांची साखर तेव्हा ६६ भरली, म्हणून तेवढीच साखर पुन्हा दिली. आणखी १५ मिनिटांनी ९४ झाली. त्यानंतर दूध-भाकरी दिली. सुरुवातीलाच दूध, पेढा किंवा चॉकलेट देऊ नये, कारण त्यातल्या स्निग्धपदार्थामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. ज्यांच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज आहे त्यांना घरातली साखर लवकर लागू पडत नाही. त्यांच्यासाठी औषधाच्या दुकानातली ग्लुकोज पावडर आधीच आणून ठेवावी.

बरे वाटले म्हणून काम संपत नाही. गोळीचा अंमल रात्रभर, कधी त्याहून जास्त टिकतो. या उपासिकांना त्याच रात्री दवाखान्यात नेले. तिथे पहाटे दोनला साखर पुन्हा ६१ वर आली आणि शिरेतून ग्लुकोज द्यावे लागले. घरी झोपवले असते तर ही दुसरी घसरण कोणाच्या लक्षातही आली नसती. माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळू शकत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जाते. कुशीवर वळवून झोपवा आणि १०८ ला फोन करा.

ग्लुकोमीटर नसेल तर? घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात घोळ यांपैकी काही दिसले की साखर कमी झाली असे धरूनच साखरपाणी द्या. एवढ्या साखरेने सहसा नुकसान होत नाही. वाट पाहण्याने मात्र जीव जाऊ शकतो. रक्तदाबासाठी अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल घेणाऱ्यांना धडधड आणि थरथर जाणवत नाही. त्यांच्या बाबतीत घाम आणि गोंधळलेपणा याच खुणा धरा.

बोट टोचल्याने शील भंगत नाही. दुपारी चार, रात्री आठ, झोपताना आणि पहाटे तपासा. ७० ते ९० च्या मध्ये असेल तर तासाभरात पुन्हा पाहा. ३०० च्या वर गेली तरी उपवास सोडावा. मात्र तेव्हा साखर न देता पाणी द्यावे आणि डॉक्टरांना गाठावे.

प्रत्येक चक्कर साखरेचीच नसते. वंदनेनंतर बसल्याजागेवरून उठताच गरगरले, आडवे झाल्यावर बरे वाटले आणि साखर ठीक असली, तर बहुधा रक्तदाब उतरलेला असतो. उपोसथात पाणी वर्ज्य नाही, तरी लघवीला उठावे लागते म्हणून म्हातारी माणसे ते टाळतात. डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातले नसेल तर तासा-दोन तासांनी पेलाभर पाणी प्या आणि उठताना आधी काही क्षण बसून मग उभे राहा. पाणी पिऊन, आडवे होऊनही चक्कर थांबली नाही तर उपवास सोडा. छातीत दुखले, तोंड वाकडे झाले किंवा एक हात लुळा पडला तर उपवासाचा विचारही न करता थेट दवाखाना गाठा.

या सगळ्याची तयारी पौर्णिमेच्या आठ-पंधरा दिवस आधी करावी. डॉक्टरांना सरळ विचारा, "मी दुपारी बारापासून सकाळपर्यंत जेवणार नाही. संध्याकाळच्या गोळीचे काय करू?" गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका किंवा बदलू नका. गेल्या काही महिन्यांत साखर एकदाही एकदम उतरली असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रात्री घरात दुसरे कोणी नसेल, तर सहावे शील बाजूला ठेवून पंचशील घ्यावे.

आणि मनात अपराधीपणा ठेवू नये. विनयात आजारी भिक्खूंना दुपारनंतरही तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी औषध म्हणून घेण्याची मुभा आहे. देहदंडाने कृश झालेल्या सिद्धार्थाने तो मार्ग सोडून अन्न घेतले, त्यानंतरच बोधी प्राप्त झाली. ७० च्या खाली आलेल्या माणसाला दिलेली साखर हे औषधच आहे. भन्तेजींनी आणि महिला मंडळाने अष्टशील देण्यापूर्वी, "साखरेची गोळी कोणाला चालू आहे?" एवढे विचारावे आणि विहारात ग्लुकोजचा एक डबा ठेवावा.