शेवटचे तीन भाग

अगं, पाच जणींनी आलटूनपालटून लिहिलेली तुमची साखळीकथा सव्वीस भागांवर आलीय आणि आता तीन भागांत संपवायचीय ना? जमेल. फक्त लगेच सत्ताविसावा लिहायला बसू नका. आधी एकीने पहिल्या भागापासून सलग वाचावं आणि वाचणाऱ्याच्या मनात उरलेला प्रत्येक प्रश्न भागाच्या आकड्यासकट वहीत उतरवावा. १९३१ मध्ये इंग्लंडच्या डिटेक्शन क्लबमधल्या लेखकांनी एकेक प्रकरण लिहून ‘द फ्लोटिंग अ‍ॅडमिरल’ ही रहस्यकादंबरी पुरी केली. त्यात रोनाल्ड नॉक्सने आपल्या प्रकरणात तोवरच्या एकोणचाळीस शंकाच मांडल्या, आणि शेवटी सगळा पसारा अँथनी बर्कलीने एकट्याने आवरला.

मी तुमची कथा तशी वाचली. मोठे प्रश्न चारच आहेत. निनावी पत्रं कोण लिहितं, वाड्याचं खरेदीखत कुठे गेलं, विलास दुबईहून परत का येत नाही, आणि माधवी लग्नाला हो म्हणणार का? चार उत्तरं वेगवेगळी दिलीत तर घाई दिसेल. पहिल्या तीन प्रश्नांचं कारण एकच करा. विलासची दुबईतली नोकरी केव्हाच गेली, तो गुपचूप पुण्यात राहतोय, त्याने खरेदीखत गहाण टाकलं, आणि वाडा विकायला काढला तर ते उघड होईल म्हणून घाबरवणारी पत्रं तोच पाठवतो. हे ओढूनताणून वाटणार नाही, कारण पत्रांवर पुण्याचा शिक्का आहे हे नवव्या भागात तूच लिहिलंयस, आणि प्रत्येक पत्र विलासचा फोन येऊन गेल्यावरच येतं. उत्तर असं आधीच्या भागांतून उचलायचं. आता नवा वकील किंवा हरवलेला जुळा भाऊ आणलात तर वाचणारी चिडेल, आणि तिचं बरोबरच असेल.

मग जागा वाटून घ्या. माधवीने शिक्का आणि फोन यांची सांगड घालणं, हा सत्ताविसावा. अठ्ठाविसावा अख्खा आत्या आणि विलास यांचा. इथे अजिबात हात आखडू नका. आत्याने दोन ओळींत माफ केलं तर सव्वीस भागांचा राग खोटा पडतो. तिने त्याला जेवायला वाढावं, बोलू मात्र नये, तेवढंही चालेल. माधवीचं लग्न वाड्याच्या पैशावर अडलंय, म्हणून तिचा निर्णय एकोणतिसाव्यात, पण तो तिच्या तोंडून यायला हवा. ‘पाच वर्षांनी’ म्हणून उडी मारायची असेल तर ती या निर्णयानंतर. विहिरीतल्या आवाजासारख्या लहान प्रश्नाला एक वाक्य पुरे.

शेवटचा भाग एकीनेच लिहावा, बाकीच्या चौघींनी वही घेऊन एकेक प्रश्न खोडावा. आणि सातव्या भागात आत्याच्या पेटीचं कुलूप तुटलंय, सव्विसाव्यात ते लावलेलं दिसतं. तेवढं आधी दुरुस्त कर.