ओळींची अदलाबदल न करता थॉमसची रीत कधी टिकते?

प्रश्न: सळईतल्या उष्णतेची समीकरणे मी थॉमसच्या रीतीने सोडवतो. ओळींची अदलाबदल केली नाही तर उत्तर बिघडेल का?

उत्तर: तुमच्या गणितात नाही. मुख्य कर्णावर 2 आणि दोन्ही बाजूंना -1 असताना प्रत्येक नवा कर्णांक 2 वजा (1 भागिले आधीचा कर्णांक) असतो: 2, 3/2, 4/3, 5/4... तो 1च्या खाली कधीच जात नाही. त्यामुळे वरची ओळ मिळवताना गुणक 1पेक्षा लहान राहतो आणि पूर्णांकनातली चूक फुगत नाही. दर ओळीला मोजक्याच क्रिया लागतात, म्हणून ओळी दुप्पट झाल्या की वेळही दुप्पटच.

प्रत्येक ओळीत कर्णांकाचे केवलमूल्य शेजाऱ्यांच्या केवलमूल्यांच्या बेरजेपेक्षा मोठे असेल, किंवा सारणी सममित आणि धन-निश्चित असेल, तर निर्धास्त राहा. पण तीनही कर्णांवर सगळे 1 असलेली 3×3 सारणी पाहा. तिचा निश्चयक -1, म्हणजे उत्तर नक्की आहे; तरी दुसरा कर्णांक 1 − 1 = 0 होतो आणि रीत अडते. शून्याजवळचा कर्णांक अधिक फसवा, कारण प्रोग्राम न थांबता चुकीचे आकडे देतो. म्हणून सर्वांत लहान कर्णांक आणि सर्वांत मोठा गुणक छापून पाहाच. शंका आली तर LAPACK मधले `dgtsv` वापरा. ते ओळी बदलते. वर फक्त एक जादा कर्ण भरतो आणि वेळ ओळींच्या प्रमाणातच राहतो.