फुगलेली बॅटरी

साताऱ्यातील एका विद्यार्थ्याने मला हातात धरून खेळण्याचा जुना व्हिडिओ गेम दाखवला. सांगलीला आजोळी पत्र्याखालच्या माळ्यावर तो कित्येक उन्हाळे पडून होता. त्याचे मागचे झाकण बसत नव्हते. आतली लिथियम-आयन बॅटरी उशीसारखी फुगली होती.

असे का होते? या बॅटरीतील द्रव सेंद्रिय व ज्वालाग्राही असतो. जुनेपणाने आणि उष्णतेने त्याचे विघटन होऊन कार्बन डायऑक्साइडसारखे वायू बनतात आणि हवाबंद वेष्टनात कोंडून राहतात.

बॅटरीवर ३.६ व्होल्ट, १८०० मिलिअँपिअर-तास असे छापले होते. पूर्ण भरली असता तिच्यातील ऊर्जा ३.६ × १.८ × ३६००, म्हणजे सुमारे २३,३०० ज्यूल. एवढ्या ऊर्जेने ७० ग्रॅम पाणी २० अंशांवरून उकळीला येईल! बॅटरी टोचली किंवा दाबली, तर आतला पातळ पडदा फाटतो, शॉर्ट सर्किट होते आणि द्रव पेट घेऊ शकतो.

म्हणून अशी बॅटरी पुन्हा चार्ज करू नये. मोठ्यांच्या मदतीने, जोर न लावता निघाली तरच काढावी. टोकांवर चिकटपट्टी लावून ती कोरड्या वाळूच्या डब्यात, झाकण सैल ठेवून, घराबाहेर सावलीत ठेवावी. कंट्रोलरमधील बॅटरी बहुधा स्क्रूंच्या आत असते. तो न उघडता तसाच वाळूत ठेवावा.

नंतर ती अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात, फुगल्याचे सांगून, द्यावी. घंटागाडीत मात्र टाकू नये. तेथे ती कचऱ्याखाली दाबली जाते आणि आग लागू शकते.