दोघांचाही एलडीएल ११४

माझ्या बहिणीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले होते. एक दाजींचा, एक माझा. एलडीएल दोन्हीकडे ११४. दाजी साठीचे, दम न लागता जोतिबाचा डोंगर चढणारे. मी एक्कावन्न वर्षांचा, आणि दोन महिन्यांपूर्वी माझ्या हृदयाच्या मुख्य रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला. चढ चढताना छातीत दाब यायचा आणि डावा जबडा दुखायचा. अँजिओग्राफीत नव्वद टक्के अडथळा निघाला. सिगारेट नाही, तंबाखू नाही, रक्तदाब ठीक, साखर जेमतेम सीमेवर. ऑफिसच्या वार्षिक तपासणीत तर दर वर्षी ‘एलडीएल बरा आहे, तेल कमी करा’ एवढंच ऐकायला मिळायचं.

रिपोर्ट मांडले होते माझ्या भाचीनं. ती बायोकेमिस्ट्रीत एमडी करते. ती म्हणाली, “मामा, एलडीएलच्या ओळीवर बोट ठेव आणि तिच्या वरच्या-खालच्या ओळी वाच.” दाजींचं एकूण कोलेस्टेरॉल १८६, एचडीएल ५४, ट्रायग्लिसराइड ९०. माझं एकूण १८८, एचडीएल ३४, ट्रायग्लिसराइड २००. मग तिनं कागदावर वजाबाकी केली. पुष्कळशा लॅबमध्ये एलडीएल थेट मोजत नाहीत, हिशेबानं काढतात. फ्रीडवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये दिलेलं हे सूत्र आहे:

एलडीएल = एकूण − एचडीएल − (ट्रायग्लिसराइड ÷ ५)

दाजींचे १८६ मधून ५४ आणि १८ गेले, उरले ११४. माझे १८८ मधून ३४ आणि ४० गेले, उरले ११४. आकडा तोच, पण तिथं पोचण्याची वाट निराळी. (ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं तर हे सूत्र वापरतच नाहीत. त्याच्या खालीही ट्रायग्लिसराइड जितकं चढेल, तितका त्याचा नेम चुकत जातो.)

आता हा ११४ म्हणजे नेमकं काय, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. एक डेसिलिटर रक्तातल्या एलडीएल कणांमध्ये मिळून जेवढं कोलेस्टेरॉल आहे, त्याचं ते वजन आहे. ते किती कणांमध्ये विभागलं आहे, हे तो आकडा सांगत नाही. आमच्याकडे गळीत हंगामात शंभर टन ऊस ट्रकनं कारखान्यावर गेला तर रस्ता मोकळा राहतो. तोच ऊस बैलगाड्यांनी गेला की रस्ता गाड्यांनी भरून जातो. काट्यावर वजन दोन्हीकडे शंभर टनच भरतं. रक्तवाहिनीच्या भिंतीला त्रास होतो तो गाड्यांच्या संख्येचा, कारण कोलेस्टेरॉल एकटं भिंतीत शिरत नाही, आख्खा कण शिरतो. जितके कण रोज भिंतीला घासून जातात, तितकी त्यांतले काही आत अडकून राहण्याची शक्यता जास्त.

माझे कण लहान का झाले, याचं उत्तर ट्रायग्लिसराइडमध्ये आहे. यकृतातून बाहेर पडणारे व्हीएलडीएल कण ट्रायग्लिसराइडनं गच्च भरलेले असतात. रक्तात सीईटीपी नावाचं एक प्रथिन फिरत असतं. ते या कणांमधलं ट्रायग्लिसराइड उचलून एलडीएलमध्ये घालतं आणि बदल्यात एलडीएलमधलं कोलेस्टेरॉल काढून घेतं. पुढं यकृतातलं लायपेज हे विकर एलडीएलमध्ये आलेलं ट्रायग्लिसराइड तोडून टाकतं. कोलेस्टेरॉल आधीच गेलेलं असतं, आता ट्रायग्लिसराइडही जातं. उरतो तो आकसलेला, घट्ट कण. हीच अदलाबदल एचडीएलशीही होते आणि तो कण लवकर नाहीसा होतो. म्हणून ट्रायग्लिसराइड वर आणि एचडीएल खाली अशी जोडी दिसली, की एलडीएलचे कण लहान असण्याचा संशय घ्यायचा. माझ्या रिपोर्टमध्ये हे दोन्ही आकडे दर वर्षी ठळक अक्षरात छापून येत होते. सगळ्यांची नजर मात्र मधल्या साध्या अक्षरातल्या ११४ वर असायची.

हा लहान कण पेशींवरच्या एलडीएल रिसेप्टरला नीट चिकटत नाही, त्यामुळे यकृत त्याला उशिरा उचलतं आणि तो रक्तात जास्त काळ फिरत राहतो. भिंतीत शिरला की तिथल्या प्रोटिओग्लायकनला धरून बसतो, आणि त्याचं ऑक्सिडेशनही लवकर होतं. १९८८ मध्ये मेलिसा ऑस्टिन, रोनाल्ड क्राउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत हार्ट अटॅक आलेल्या आणि न आलेल्या माणसांची तुलना केली. लहान घट्ट कणांचा साचा असलेल्यांमध्ये अटॅकचा धोका सुमारे तिप्पट आढळला. या साच्याला त्यांनी ‘पॅटर्न बी’ म्हटलं, मोठ्या कणांच्या साच्याला ‘पॅटर्न ए’.

इथं भाचीनं मला थांबवलं, कारण या माहितीवरून पुष्कळ लोक भलत्याच निष्कर्षाला पोचतात. माझ्या ओळखीतले एक गृहस्थ एलडीएल १९० असूनही औषध घेत नाहीत. “आमचे कण मोठे आहेत, ते काही करत नाहीत,” असं ते सांगतात. हे धोक्याचं आहे. काही घराण्यांत जन्मतःच एलडीएल फार जास्त असतो. त्या लोकांचे कण बहुधा मोठेच असतात आणि तरी त्यांना तरुणपणी अटॅक येतात. पुढच्या अभ्यासांत कणांची संख्या हिशेबात धरली, तेव्हा आकाराचा स्वतंत्र परिणाम बराचसा मावळला. म्हणजे लहान कण ही मुख्यतः एक खूण आहे: तेवढ्याच कोलेस्टेरॉलमागे कण जास्त आहेत, असं ती सांगते. मोठा कणही भिंतीत शिरतो.

म्हणून आकार मोजण्याच्या महागड्या तपासण्यांमागं जायची गरज नसते. संख्या मोजायला सोपा मार्ग आहे. प्रत्येक एलडीएल कणावर अपोलायपोप्रोटीन बी या प्रथिनाचा नेमका एकच रेणू असतो. व्हीएलडीएलच्या कणावरही एकच. म्हणून रक्तातलं अपो-बी मोजलं की भिंतीत शिरू शकणाऱ्या कणांची मोजणी होते, आणि त्यातले बहुतेक कण एलडीएलचेच असतात. तपासणी साध्या रक्तावर होते, उपाशी राहावं लागत नाही. भाचीनं आम्हा दोघांचं रक्त पाठवलं. दाजींचं अपो-बी ९० आलं, माझं १२२. एलडीएल सारखाच, पण माझ्या रक्तात कण एक तृतीयांशाहून जास्त. ती आणखी एक भागाकार करते: एलडीएलला अपो-बीनं भागायचं. उत्तर १.२ च्या खाली आलं तर कण लहान असण्याची शक्यता जास्त. दाजींचं १.२७ आलं, माझं ०.९३.

अपो-बी करता येत नसेल, तर घरबसल्या एक वजाबाकी करा. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा केला की नॉन-एचडीएल मिळतो. दाजींचा १३२, माझा १५४. फरक इथंच डोळ्यात भरतो, आणि त्यासाठी एक रुपयाही जास्त लागत नाही. नॉन-एचडीएलचं लक्ष्य साधारण एलडीएलच्या लक्ष्याहून ३० नं जास्त धरतात.

मी काटकुळा, तरी हे माझ्या वाट्याला कसं आलं, हे मला बरेच दिवस पटत नव्हतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्याकडे हातपाय बारीक आणि पोटात चरबी ही ठेवण सर्रास दिसते. पोटातली ती चरबी यकृताला सतत कच्चा माल पुरवते आणि यकृत त्यातून ट्रायग्लिसराइडनं भरलेले व्हीएलडीएल बनवत राहतं. शर्ट मापाचा असला, तरी कंबरेचा घेर टेपनं मोजायला हवा. आपल्या पुरुषांमध्ये ९० सेंटिमीटर आणि बायकांमध्ये ८० च्या वर गेला की ट्रायग्लिसराइडकडे लक्ष द्यायचं.

‘तेल कमी करा’ या सल्ल्यावर मी वर्षानुवर्षं तांबडा रस्सा सोडला. पण दिवसाचे पाच गोड चहा, सोबतची बिस्किटं, रात्रीचा भरपूर भात आणि उन्हाळ्यातला उसाचा रस चालूच राहिला, कारण त्याबद्दल कुणी बोललंच नव्हतं. ट्रायग्लिसराइड वाढवणाऱ्यांत साखर, मैदा, पिष्टाचा जास्तीचा वाटा आणि दारू यांचा हात मोठा असतो. चहातली साखर बंद केली, भात अर्धा केला, त्याच्या जागी मटकी आणि भाजी वाढवली, जेवणानंतर अर्धा तास चालायला लागलो. ट्रायग्लिसराइड जास्त निघालं तर थायरॉइड आणि साखरही तपासून घ्यावी, कधी कधी मूळ तिथं असतं.

औषधाच्या बाबतीतही एक बारकावा आहे. रोसुव्हास्टॅटिन सुरू केल्यावर सहा आठवड्यांनी माझा एलडीएल ६२ आला. घरात पेढे वाटायचेच बाकी होते. अपो-बी मात्र ८४ होतं. स्टॅटिननं कोलेस्टेरॉल जितकं उतरतं, त्या मानानं कण कमी उतरतात. म्हणून माझ्यासारख्याचा एलडीएलचा आकडा प्रत्यक्षापेक्षा जास्त चांगला दिसतो. हृदयविकार झालेल्यांसाठी २०१९ च्या युरोपीय मार्गदर्शिकेत अपो-बी ६५ च्या खाली आणायला सांगितलं आहे. (अजून काही झालेलं नाही पण धोका जास्त आहे, अशांसाठी ८० च्या खाली, मध्यम धोक्यासाठी १०० च्या खाली.) माझ्या डॉक्टरांनी अपो-बी पाहून एझेटिमाइब जोडलं. चार महिन्यांनी ट्रायग्लिसराइड १२०, एलडीएल ५०, अपो-बी ६३. गोळ्या मी मनानं वाढवल्या नाहीत आणि कमीही केल्या नाहीत. डोस ठरवताना यकृत, मूत्रपिंड आणि बाकीची औषधं पाहावी लागतात.

दाजींना मात्र ९० हा आकडा म्हणजे अभयपत्र नाही, हे भाचीनं त्यांना दोनदा सांगितलं. ते मिश्री लावतात, आणि तंबाखूचं नुकसान अपो-बीत दिसत नाही. आयुष्यात एकदा तरी लायपोप्रोटीन(ए) तपासावं, असंही तिनं दोघांना सांगितलं. तो धोका वंशानं येतो आणि नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये वेगळा दाखवला जात नाही. दाजींचा नेहमीएवढा आला. माझाही.

मग माझ्या मुलालाही त्याचा रिपोर्ट घेऊन बसवलं. सत्तावीस वर्षांचा, पुण्यात नोकरी करतो, रात्री अकराला बाहेरून मागवून जेवतो. एकूण १७५, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड १७५, म्हणजे एलडीएल १०२. त्याच्या कंपनीच्या तपासणीत त्यावर ‘उत्तम’ असा शेरा होता. नॉन-एचडीएल १३७ भरला, अपो-बी १०५. कंबर ९४ सेंटिमीटर. डॉक्टरांनी त्याला सध्या औषध दिलेलं नाही. थंड पेयं बंद, रात्रीचं जेवण आठच्या आत, रोज पाऊण तास वेगानं चालणं, आणि कंबर ९० वर आणणं एवढं ठरलं आहे. तीन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा अपो-बी करायचं, आणि तोवर रक्तदाबाची नोंद महिन्यातून दोनदा ठेवायची.