‘परत सांगता का?’ : ऐकायचं राहून गेलेलं नेमकं कसं विचारावं



मराठीच्या पाठ्यपुस्तकात ऐकणे, बोलणे, वाचणे, लिहिणे ही चार कौशल्यं आपण शिकवतो. पण ऐकताना मधलाच एखादा शब्द सुटला तर तो परत कसा मागायचा, हे वेगळं काढून शिकवत नाही. मग मूल गप्प बसतं, नाहीतर शेजाऱ्याच्या वहीत डोकावतं. मोठी माणसं फोनवर ‘हो हो’ म्हणून टाकतात आणि नंतर दुसऱ्याला फोन करून विचारतात. आजच्या पाठात आपण एवढंच बघू : सुटलेला भाग मागायचा कसा, आणि मिळालेलं उत्तर बरोबर आहे हे तपासायचं कसं.

आधी ठरवा : नेमकं काय सुटलं?

वर्गात मुलं सगळ्याच अडचणींना एकच वाक्य वापरतात, ‘सर, कळलं नाही.’ प्रत्यक्षात त्यामागे तीन वेगळ्या गोष्टी असतात.

पहिली, आवाजच पोचला नाही. बाहेरून ट्रॅक्टर गेला, पत्र्यावर पाऊस वाजायला लागला किंवा मूल मागच्या रांगेत होतं. दुसरी, शब्द ऐकू आला पण अर्थ लागला नाही. तिसरी, ऐकू आलं, समजलंही, पण लिहून घेईपर्यंत सर पुढे गेले.

तिन्हींचा उपाय वेगळा आहे. आवाज पोचला नसेल तर तेच वाक्य मोठ्याने सांगायला हवं. अर्थ लागला नसेल तर तेच वाक्य दहा वेळा सांगून उपयोग नाही, दुसऱ्या शब्दांत किंवा उदाहरणानं सांगायला हवं. लिहायचं राहिलं असेल तर फक्त थोडं थांबून सावकाश सांगायला हवं. मूल नुसतं ‘कळलं नाही’ म्हणालं की शिक्षक पूर्ण गणित पहिल्यापासून समजावतात, आणि त्या मुलाला फक्त ‘भाजक किती होता’ एवढंच हवं असतं!

म्हणून मुलांना तीन वाक्यं वेगवेगळी शिकवा :

- ‘सर, शेवटचा आकडा ऐकू आला नाही.’
- ‘मॅडम, ‘परिमिती’ म्हणजे काय ते कळलं नाही.’
- ‘सर, दुसरी ओळ लिहायची राहिली, परत सांगता का?’

प्रत्येक वाक्यात सुटलेल्या भागाचं नाव आहे हे लक्षात घ्या. शेवटचा आकडा, एक शब्द, दुसरी ओळ. त्यामुळे सांगणाऱ्याला तेवढंच सांगावं लागतं.

‘काय?’ हा सर्वात महाग प्रश्न

माणसं बोलताना चुकलेलं, सुटलेलं कसं दुरुस्त करतात यावर इमॅन्युएल शेग्लॉफ, गेल जेफरसन आणि हार्वी सॅक्स या अभ्यासकांचा एक महत्त्वाचा लेख १९७७ साली प्रसिद्ध झाला. पुढे २०१५ साली एका अभ्यासगटाने जगातल्या १२ भाषांमधल्या रोजच्या गप्पा तपासल्या. त्यात आढळलं की साधारण दर दीड मिनिटाला कुणीतरी कुणालातरी ‘अं?’, ‘कोण?’, ‘कधी?’ असं विचारतंच. म्हणजे परत विचारणं हे मंद बुद्धीचं लक्षण नाही, बोलण्याचाच तो भाग आहे. दुसरी गोष्ट अशी आढळली की माणसं शक्य असेल तेव्हा जास्तीत जास्त नेमका प्रश्न विचारतात, म्हणजे समोरच्याचं काम कमी होतं.

मराठीत याच्या तीन पायऱ्या सहज दिसतात.

१) ‘अं?’, ‘काय?’ : यातून काहीच कळत नाही. समोरच्याला सगळं परत सांगावं लागतं.

२) ‘किती वाजता?’, ‘कुणाला द्यायचं म्हणालात?’ : कुठला भाग सुटला ते कळतं.

३) ‘बुधवारी म्हणालात ना?’ : तुम्ही काय ऐकलं तेही कळतं. समोरच्याला फक्त हो किंवा नाही म्हणायचं असतं.

जितकं वरच्या पायरीवर जाल तितकं समोरच्याला बरं वाटतं, कारण त्याचं बाकीचं बोलणं तुम्ही ऐकलंय हे त्याला दिसतं.

नम्रपणा क्रियापदात असतो

पत्रात आपण ‘कृपया’ लिहितो. पण समोरासमोर ‘कृपया पुन्हा सांगा’ म्हटलं तर बसस्टँडवरच्या सूचनेसारखं वाटतं. बोलताना मराठीतला आदर क्रियापदाच्या शेवटात असतो. मित्राला ‘परत सांग ना’. आजीला किंवा शिक्षकांना ‘परत सांगता का?’ किंवा ‘जरा परत सांगा ना’. अनोळखी अधिकाऱ्यांना ‘परत एकदा सांगाल का?’ आपल्या मराठवाड्यात मोठ्या माणसाला उत्तर देताना नुसतं ‘जी?’ म्हटलं तरी आदरानं विचारलं असं होतं. नुसतं ‘काय?’ मात्र मोठ्यांना खटकतं. त्याऐवजी ‘काय म्हणालात?’ म्हणा. एक शब्द वाढला की सूर बदलतो.

आणखी एक. ‘तुम्ही नीट सांगितलं नाही’ म्हटलं की दोष समोरच्यावर जातो. ‘माझ्याकडे आवाज तुटला’ किंवा ‘मला एवढंच ऐकू आलं’ म्हटलं की भांडणाला जागा राहत नाही.

फोनवर मराठी आकडे का फसवतात?

सर्वात जास्त घोटाळे आकड्यांत होतात, आणि त्याला कारण आहे. साध्या टेलिफोनवरून आवाजाचा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. ‘स’ या वर्णाचा फुसफुसणारा भाग बराचसा त्याच्या वरचा असतो, म्हणून तो पुसट होतो. आता ‘साठ’मधला ‘स’ पुसट झाला तर काय उरतं? ‘आठ’! नव्या मोबाईल कॉलमध्ये हा पट्टा रुंद असू शकतो, पण रेंज कमी झाली की आवाज तुटतोच.

दुसरं कारण मराठी संख्यानामांत आहे. ‘एकोणसाठ’ (५९) आणि ‘एकोणसत्तर’ (६९) यांची सुरुवात सारखीच. ‘त्रेसष्ट’ आणि ‘पासष्ट’ यांचा शेवट सारखाच. एक तुकडा सुटला की आकडा बदलतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावीस’च्या जोडीला ‘वीस सात’ अशी वाचनाची पद्धत दिली, तेव्हा राज्यभर मोठा वाद झाला होता. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांचं म्हणणं होतं की जोडाक्षरांची संख्यानामं लहान मुलांना अवघड जातात. वर्गात कुठली पद्धत असावी हा वाद बाजूला ठेवू. फोनवर खात्री करताना मात्र अंक सुटे करून म्हणणं सोयीचं पडतं : ‘सहा-नऊ.’

वेळेचंही तसंच. ‘पावणेबारा’ मधलं ‘पावणे’ गेलं तर ‘बारा’ उरतात आणि माणूस पंधरा मिनिटं उशिरा पोचतो. पैशात ‘सव्वाशे’ म्हणजे १२५ आणि ‘पावणेदोनशे’ म्हणजे १७५. पहिला तुकडाच इथे सगळं ठरवतो.

एक उदाहरण पूर्ण पाहू

समजा, सोमवारी संध्याकाळी पिशोरच्या स्टँडवर एक मॅडम उभ्या आहेत. केंद्रातून सरांचा फोन येतो : ‘मॅडम, परवा पावणेबाराला केंद्रशाळेत मीटिंग आहे. येताना पटाची यादी आणा, आणि गणवेशाचा तुमचा आकडा एकोणसत्तर आहे तो तपासून घ्या.’ मधेच एसटीचा हॉर्न वाजतो. मॅडमना ऐकू आलं ते असं : ‘परवा ... बाराला केंद्रशाळेत मीटिंग ... पटाची यादी ... गणवेशाचा आकडा एकोणस...’

मॅडम ‘हॅलो? काय?’ म्हणाल्या असत्या तर सरांनी सगळं परत सांगितलं असतं, आणि तोवर दुसरी गाडी आली असती. त्याऐवजी :

‘सर, केंद्रशाळेत मीटिंग आणि पटाची यादी, एवढं ऐकलं. इथे गाडीचा आवाज आहे. वेळ पावणेबारा की सव्वाबारा?’

‘पावणेबारा.’

‘म्हणजे अकरा पंचेचाळीस. परवा म्हणजे बुधवारी?’

‘हो, बुधवारी.’

‘आणि गणवेशाचा आकडा एकोणसाठ की एकोणसत्तर?’

‘एकोणसत्तर.’

‘सहा-नऊ. ठीक आहे सर.’

मॅडमनी तीन गोष्टी केल्या. काय ऐकलं ते आधी सांगितलं. मग सुटलेलाच भाग पर्याय देऊन विचारला. शेवटी मिळालेलं उत्तर *दुसऱ्या रूपात* परत म्हटलं : पावणेबाराचे अकरा पंचेचाळीस, परवाचा बुधवार, एकोणसत्तरचे सहा-नऊ.

ही तिसरी गोष्ट का करायची? तोच शब्द परत म्हटला तर चूक पकडली जात नाही. ‘परवा ना?’ ‘हो परवा.’ दोघंही खूश, पण मराठीत ‘परवा’ म्हणजे उद्यानंतरचा दिवस आणि कालच्या आदला दिवसही. ‘परवा आहे’, ‘परवा होती’ असं क्रियापद असेल तर कळतं. ‘परवाच्या मीटिंगची यादी द्या’ यात कळत नाही. आणि सोमवारी लिहिलेला ‘परवा मीटिंग’ हा मेसेज कुणी मंगळवारी वाचला तर त्याचा परवा गुरुवार होतो. म्हणून वार किंवा तारीखच मागा.

तसंच घाईतला माणूस ‘बुधवारी ना?’ला न ऐकताच ‘हो हो’ म्हणतो, असा अनुभव येतो. ‘बुधवार की गुरुवार?’ असं विचारलं की ‘हो’ हे उत्तरच चालत नाही, त्याला एक निवडावंच लागतं.

बैठकीत कधी विचारायचं?

विषय बदलायच्या आत, वाक्य संपल्यावर. वाक्य चालू असताना तोडू नका, पुढच्या शब्दात कदाचित उत्तर असेल. वहीच्या समासात सुटलेल्या जागी प्रश्नचिन्ह करा आणि सर श्वास घ्यायला थांबले की विचारा : ‘सर, माहिती भरायची शेवटची तारीख ऐकायची राहिली.’ विषय पुढे गेला असेल तर सगळ्यांना मागे ओढू नका, चहाच्या वेळी विचारा.

वर्गात घ्यायचा उपक्रम (१५ मिनिटे)

शिक्षकांनी चार वाक्यांची एक सूचना वाचावी आणि प्रत्येक वाक्यात एका शब्दावर मुद्दाम खोकावं. उदा. ‘शनिवारी (खोकला) वाजता मैदानावर जमा.’ मुलांनी फक्त तेवढाच भाग विचारायचा. ‘काय?’ किंवा ‘परत सांगा’ म्हटलं तर शिक्षकांनी खोकल्यासकट तेच वाक्य परत वाचावं! दोन-तीन फेऱ्यांत मुलं ‘किती वाजता, सर?’वर येतात. मग दोन-दोन मुलांना पाठीला पाठ लावून बसवा. एकानं ५९, ६९, ६३, ६५, ८, ६० हे आकडे हळू आवाजात सांगावेत, दुसऱ्यानं अंक सुटे करून खात्री करावी आणि लिहावेत. शेवटी वह्या ताडून पाहाव्यात.

सरावासाठी प्रश्न

१) ‘पावणेदोनला या’ हे ऐकलं तर खात्री करताना काय म्हणाल?

२) ‘मॅडम, कळलं नाही’ या वाक्याऐवजी तीन वेगळी वाक्यं लिहा.

३) मंगळवारी आलेल्या मेसेजमध्ये ‘परवा सहल’ लिहिलं आहे. तुम्ही तो बुधवारी वाचला. काय विचाराल?